कार्डवाला की बिनकार्डाचा?

जून लागला की महाराष्ट्रात दोन चौकशा सुरू होतात. पाऊस कुठवर आला, आणि मुलाला लॅपटॉप कुठला घ्यायचा. पहिलीसाठी हवामान खातं आहे. दुसरीसाठी प्रत्येक घराण्यात एक मामा नेमलेला असतो. आमच्याकडे ती नेमणूक माझी आहे. मानधन शून्य, पण चार वर्षांत लॅपटॉपचं काहीही बिघडलं तरी जबाबदारी संपूर्ण माझी.

यंदाचा लाभार्थी माझा भाचा, शाखा मेकॅनिकल. त्याने पहिल्याच फोनवर जाहीर केलं, "मामा, कॅडसाठी ग्राफिक्स कार्ड मस्ट आहे." हे वाक्य दरवर्षी येतं, फक्त शाखेप्रमाणे शब्द बदलतात. कॉम्प्युटरवाला मशीन लर्निंग म्हणतो, सिव्हिलवाला रेंडरिंग म्हणतो. केमिकलवाला जरा गडबडतो, पण तोही कुठून तरी सिम्युलेशन काढून आणतोच. यांतल्या एकानेही आजवर "मला गेम खेळायचेत" असं म्हटलेलं नाही, आणि लॅपटॉप घरी आल्यावर सगळ्यात आधी काय इन्स्टॉल होतं हे न कळण्याइतके आईबाप भोळे नाहीत. तेव्हा कॅडला नमस्कार करून आपण गेमचंच बोलू.

दाजी कराडहून बोलत होते. त्यांचा प्रश्न एकच होता. "त्यात कार्ड वेगळं आहे ना?" दुकानदाराने त्यांना दोन लॅपटॉप दाखवले होते, किंमत जवळपास सारखीच. एकात आरटीएक्स २०५० नावाचं ४ जीबीचं वेगळं कार्ड होतं, सोबत बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह. दुसऱ्यात कार्ड नाही, पण रायझन ७ ८८४०एचएस हा प्रोसेसर आणि त्याच्याच पोटात रेडिऑन ७८०एम नावाचा ग्राफिक्सचा भाग. दुकानदाराचं मत ठाम होतं. "साहेब, कार्ड ते कार्ड. ते पोटातलं वगैरे ऑफिसवाल्यांसाठी असतं."

दुकानदाराचं हे मत एके काळी अगदी खरं होतं. पंधरा वर्षांपूर्वी प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर सॉलिटेअरचे पत्ते नीट उडाले तरी समाधान मानावं लागे. घोळ झाला तो २०२२ साली. एएमडीने रायझन ६००० मालिकेतल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ६८०एम घातला, पुढच्या वर्षी ७८०एम आला, आणि पोटातल्या ग्राफिक्सने बाहेरच्या छोट्या कार्डांना मागे टाकायला सुरुवात केली. सगळ्या नाही, छोट्या. आणि "छोटं" म्हणजे नक्की किती छोटं, यावरच सगळं भांडण आहे.

दाजींना हे सांगताना मी पाण्याचा आधार घेतला, कारण पाणी हा विषय कराडमध्ये कुणालाही समजावावा लागत नाही. कार्डाची स्वतःची मेमरी असते. ती म्हणजे गच्चीवरची आपली खासगी टाकी. पोटातल्या ग्राफिक्सला टाकी नसते, ते सोसायटीच्या मोठ्या टाकीतून, म्हणजे लॅपटॉपच्या रॅममधून, पाणी घेतं आणि त्याच नळावर प्रोसेसरही बादली लावून उभा असतो. एवढं ऐकून कुणीही खासगी टाकीच निवडेल. पण दोन गोष्टी विचारायच्या राहतात. टाकी केवढी आहे, आणि तिचा पाइप किती जाड आहे?

एनव्हिडियाचं एमएक्स ३५० घ्या. २०२० साली ते लॅपटॉपवर स्टिकर लावून मिरवत होतं, आणि आज जुन्या लॅपटॉपच्या बाजारात "विथ ग्राफिक्स कार्ड" म्हणून पुन्हा मिरवतंय. टाकी २ जीबी. पाइप ६४ बिटांचा, त्यातून सेकंदाला ५६ जीबी डेटा येतो. आता बिनकार्डाचा ७८०एम पाहा. त्याच्याजवळ डीडीआर५-५६०० ची रॅम दोन पट्ट्यांत बसवली असेल, तर सोसायटीचा पाइप सेकंदाला ८९.६ जीबी देतो. प्रोसेसरने आपली बादली भरून घेतली तरी उरतं ते खासगीपेक्षा जास्तच. शिवाय विंडोज गरज पडली तर निम्म्या रॅमपर्यंत ग्राफिक्सला वापरू देतं, म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये आठेक जीबी. खासगी टाकी आहे म्हणून शेजारपाजारी मिरवायचं आणि आंघोळीला बादली भरेपर्यंत साबण अंगावर वाळवायचा, अशी ही एमएक्सची श्रीमंती. तिथे निकाल सरळ लागतो. ७८०एम किंवा ६८०एम, रॅमच्या दोन पट्ट्यांसह, एमएक्स ३५० सारख्या २ जीबीच्या कार्डाला बिनधास्त हरवतो.

एमएक्सचा आणखी एक इतिहास सांगण्यासारखा आहे. २०१७ मध्ये एमएक्स १५० आलं. वर्षभराने लोकांनी मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा एकाच नावाची दोन कार्डं बाजारात फिरत असल्याचं उघड झालं. एक २५ वॅटचं, दुसरं १० वॅटचं. डब्यावर नाव तेच, वेगात मोठा फरक. पुढच्या एमएक्स २५० मध्येही हाच प्रकार. त्यामुळे "कार्ड कुठलं?" हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे "त्याला खायला किती वॅट घालता?" दुकानात हा विचारून पाहा. समोरचा माणूस तुमच्याकडे, तुम्ही वीजमंडळातून आलात की काय, अशा नजरेने पाहतो.

आता दाजींच्या लॅपटॉपकडे वळू, कारण आरटीएक्स २०५० एमएक्स नाही. याचं नाव २००० मालिकेचं, पण आतली चिप पुढच्या पिढीची. आरटीएक्स ३०५० मध्ये जी चिप वापरतात तीच, आणि कोअरही तितकेच, २०४८. कंपनीने काय केलं, तर ३०५० चा १२८ बिटांचा पाइप निम्मा करून ६४ बिटांचा केला आणि वॅट ३० ते ४५ च्या आत बांधून ठेवले. तरी पाइप सेकंदाला ११२ जीबी देतो, आणि त्यात भागीदार कुणी नाही. म्हणजे कागदावर हे कार्ड ७८०एमच्या पुढे. जे गेम ४ जीबीत बसतात तिथे प्रत्यक्षातही पुढे. जीटीए फाइव्ह, काउंटर-स्ट्राइक २, गेल्या दशकातले बहुतेक मोठे गेम मध्यम सेटिंगवर, यांत कार्डवाला लॅपटॉप जास्त फ्रेम देईल, अर्थात त्याला पूर्ण ४५ वॅट मिळत असतील तर. शिवाय त्याच्याकडे डीएलएसएस आहे. चित्र लहान आकारात काढायचं आणि मग हुशारीने मोठं करून पडद्यावर टाकायचं, अशी ही युक्ती. ७८०एमला त्यासाठी एफएसआर वापरावं लागतं. तेही काम करतं, पण फुल एचडीवर डीएलएसएसचं चित्र जास्त स्वच्छ दिसतं, बारीक तारा आणि झाडांची पानं कमी लुकलुकतात.

मग दुकानदार बरोबरच होता का? ४ जीबी भरेपर्यंत, हो.

गंमत त्यानंतर आहे. नवे मोठे गेम भिंती, रस्ते, चेहरे यांची चित्रं मेमरीत भरायला लागले की ४ जीबी बघता बघता संपतात. टाकी भरली की कार्ड उरलेला डेटा लॅपटॉपच्या रॅममध्ये ठेवतं आणि लागेल तसा मदरबोर्डावरून ओढून आणतं. हा रस्ता कार्डाच्या स्वतःच्या पाइपापेक्षा कितीतरी पटींनी अरुंद. पडद्यावर हे कसं दिसतं ते भाच्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर मी जवळून पाहिलंय. गाडी सरळ रस्त्यावर असेपर्यंत सगळं लोण्यासारखं. नव्या गल्लीत वळण घेतलं की चित्र क्षणभर थिजतं, मग गाडी एकदम पुढे उडी मारते. समोरच्या दुकानाची पाटी आधी चिखलात लोळून आल्यासारखी दिसते आणि दोन सेकंदांनी धुऊन निघते. मित्र म्हणाला, "काका, नेट स्लो आहे." गेम ऑफलाइन होता.

खरं कारण टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. परफॉर्मन्सच्या पानावर कार्डाचं नाव निवडलं की खाली दोन आलेख असतात. `Dedicated GPU memory usage` ची रेघ ४ जीबीच्या छताला चिकटून सपाट झालेली आणि `Shared GPU memory usage` ची रेघ हळूहळू वर चढत असलेली दिसली, तर टाकी वाहतेय हे नक्की. अशा वेळी पहिला उपाय, टेक्स्चरचं सेटिंग एक पायरी खाली आणायचं. इतर बहुतेक सेटिंग कमी केली तरी मेमरी तेवढी मोकळी होत नाही.

आणि इथेच ती सुप्रसिद्ध फसगत होते, सरासरीची. समजा मिनिटभराच्या चाचणीत सरासरी ५५ फ्रेम निघाल्या. दुकानदार खूश, दाजी खूश. त्या मिनिटात एकूण ३३०० फ्रेम झाल्या. त्यांतल्या सगळ्यात सुस्त एक टक्का म्हणजे ३३. या ३३ फ्रेमना प्रत्येकी ५० मिलिसेकंद लागले, तर त्या क्षणांपुरता तुमचा गेम सेकंदाला २० फ्रेमवर आलेला असतो. हात अडखळतो, नेम चुकतो, भाचा मरतो आणि शिव्या मामाला पडतात. दुसऱ्या लॅपटॉपने सरासरी ४८ च दिली, पण त्याच्या सुस्त एक टक्क्यातल्या फ्रेम ३६ च्या वेगाच्या आहेत, तर खेळायला तोच बरा. या आकड्याला "वन पर्सेंट लो" म्हणतात. ४ जीबीचं कार्ड आणि १६ जीबीच्या लॅपटॉपमधला ७८०एम यांची लढत नव्या गेममध्ये लावली की सरासरीत कार्ड पुढे आणि वन पर्सेंट लोमध्ये ७८०एम पुढे, असा विचित्र निकाल लागू शकतो. मग दोघांचे समर्थक आपापला आकडा धरून रात्रभर भांडतात आणि दोघेही खरं बोलत असतात.

एवढं ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे बिनकार्डाचा घेऊ?"

थांबा दाजी. बिनकार्डाचं सगळं वैभव रॅमच्या दोन पट्ट्यांवर उभं आहे, आणि दुकानातल्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एकच पट्टी असते. पैसे वाचवायची ही सगळ्यात लाडकी जागा. "१६ जीबी" एवढंच छापायचं, ८ अधिक ८ की एकटी १६, हे सांगायचं नाही. एकाच पट्टीवर तो ८९.६ चा पाइप ४४.८ होतो. म्हणजे हा महान ७८०एम, पाइपाच्या जाडीत, त्या बिचाऱ्या एमएक्स ३५० च्याही खाली. कार्डवाल्या लॅपटॉपला एका पट्टीचा त्रास होतो, पण सोसण्याइतका, कारण ग्राफिक्सची टाकी वेगळी आहे. बिनकार्डवाल्याचा जीवच जातो. आणि एकूण रॅम ८ जीबीच असेल, तर विंडोज, ब्राउझर, गेम आणि ग्राफिक्स सगळे एकाच ताटात जेवायला बसतात. तिथे उपाशी कोण राहणार हे सांगायला नको.

इंटेलने तर यावर नामकरणाचाच विधी ठेवलाय. आयरिस एक्सई हे त्यांचं पोटातलं ग्राफिक्स रॅमच्या दोन पट्ट्यांवर आयरिस एक्सई म्हणून मिरवतं. एक पट्टी काढली की तीच चिप विंडोजमध्ये आपलं नाव नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं सांगते. पट्टी परत बसवा, मान परत मिळतो. मला ही पद्धत आवडते. निदान नाव पाहून कळतं तरी.

एएमडीच्या बाबतीत नाव पाहून उलट कमी कळतं. रायझन ५ म्हटलं की लोकांना वाटतं एकच कुळ. रायझन ५ ७५२०यू मध्ये ६१०एम असतो, फक्त दोन कॉम्प्युट युनिटांचा, त्यावर गेम म्हणजे नवस. ७५३०यू मध्ये जुना वेगा. ७५३५एचएस मध्ये ६६०एम, सहा युनिटं. ७६४०एचएस मध्ये ७६०एम, आठ युनिटं. आणि आपण ज्याचं गुणगान करतोय त्या ७८०एममध्ये बारा. चौघांच्याही नावाची सुरुवात रायझन ५ सात हजार अमुक अशीच, आणि दुकानदार चौघांनाही "लेटेस्ट रायझन" म्हणतो. खूण एवढीच, की या सात हजारी मालिकेत तिसरा आकडा गाभ्याची पिढी सांगतो. दोन असेल तर आतला गाभा झेन २ चा, म्हणजे म्हातारा. चार असेल तर झेन ४. बाकी पाठांतर करायची गरज नाही. ग्राफिक्सचं नाव विचारा, आणि "रेडिऑन ग्राफिक्स" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

मी दाजींना फोनवर थांबवून भाच्याला दुकानात कामाला लावलं. दोन्ही लॅपटॉप चालू करायला सांगितले. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी. खाली उजवीकडे `Slots used` च्या ओळीत काय आहे? कार्डवाल्यात `1 of 2` निघालं, ८ जीबीची एकच पट्टी. बिनकार्डाच्यात `2 of 2`, आठ-आठच्या दोन. (रॅम मदरबोर्डावर कायमची जोडलेली असेल तर तिथे `Form factor` समोर `Row of chips` असं येतं. मग पुढे पट्टी वाढवायची स्वप्नं दुकानातच सोडून यायची.) मग कार्डवाल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही एक ओळ टाइप करायला लावली:

```
nvidia-smi
```

यात `Pwr:Usage/Cap` या मथळ्याखाली कार्ड आत्ता किती वॅट घेतंय आणि त्याची कमाल मर्यादा किती, हे दिसतं. काही लॅपटॉपवर इथे नुसतं `N/A` येतं, पण इथे मर्यादा ३५ वॅट आली. ४५ ची अपेक्षा होती, म्हणजे कार्ड उपास करत होतं. दुकानदार तोवर भाच्याला दुसरंच काही दाखवत होता. "हे बघ, टोटल ग्राफिक्स मेमरी ७.९ जीबी!" हा आकडाही खोटा नाही. विंडोज कार्डाची ४ जीबी आणि उसनी मिळू शकणारी रॅम अशी दोन्हींची बेरीज दाखवतं. उसनवारी धरून श्रीमंती मोजायची म्हटली तर आम्हीही कारखानदार आहोत.

आता हिशेब कसा बसला ते पाहा. जसा आहे तसा घेतला तर कार्डवाला हरतो, कारण ८ जीबीच्या एका पट्टीवर आजचा मोठा गेम चालवताना आधी रॅमच संपते, कार्डाचा कस लागायची वेळच येत नाही. त्यात ८ जीबीची दुसरी पट्टी टाकली तर जुन्या आणि मध्यम गेममध्ये तो पुढे जातो, नव्या जड गेममध्ये टेक्स्चर कमी ठेवून बरोबरीत राहतो. बिनकार्डाचा आहे तसाच चालतो, बॅटरी जास्त पुरते आणि वजन कमी. पट्टीचे पैसे कार्डवाल्याच्या किमतीत धरले की तो महाग पडतो. आणि तेवढं महाग घ्यायचंच असेल, तर तिथे आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला लॅपटॉप सापडतो का ते आधी बघावं. तो ७८०एमला वाद न घालता हरवतो आणि मग मामाला फोन करावा लागत नाही. पोटातल्या ग्राफिक्सचीही वरची पायरी आहे, ८९०एम, सोळा युनिटांचा. पण तो ज्या लॅपटॉपांत येतो त्यांच्या किमतीत आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० चा लॅपटॉप मिळतो. तेव्हा "नवं पोटातलं ग्राफिक्स कार्डांना मारून टाकणार" असं कुणी सांगितलं तर किंमत विचारून गप्प करावं.

भाच्याला एवढंच सांगितलं की जो घेशील तो बदलून मिळायची मुदत आहे तोवर घरी तपास. गेमच्या आतच चाचणी असते, तीच चालव. पहिली फेरी मोजू नकोस, तेव्हा गेम शेडर तयार करत असतो आणि सगळ्याच लॅपटॉपवर अडखळतो. चार्जर लावलेला असू दे. आणि वीस मिनिटं खेळल्यावरचा आकडा खरा धर, कारण पहिली पाच मिनिटं लॅपटॉप गार असतो आणि वरातीतल्या घोड्यासारखा नाचतो.

त्यावर दाजींनी कार्डवालाच घेतला, वर ८ जीबीची पट्टी टाकून. मी कारण विचारलं. दाजी म्हणाले, "दोन्हींवर दुकानात गेम लावून बघितला. बिनकार्डाच्याचा पंखा ऐकूच येत नाही. ह्याचा पार स्वयंपाकघरापर्यंत येतो. पोरगं रात्री कॅड करतंय का दुसरं काय, हे न उठता कळेल."